अठराव्या आठवड्यात टीएसएच का वाढला? गरोदरपणातील हायपोथायरॉइडचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका स्त्रीचे नाही. अशा अनेक गर्भवतींच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते मांडले आहे. आकडे प्रातिनिधिक आहेत, पण ते ज्या क्रमाने बदलतात तो क्रम नेहमीचा आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत.

वय २९, पहिलेच गरोदरपण, वजन ५८ किलो. चार वर्षांपूर्वी हाशिमोटो थायरॉयडायटिसचे निदान झाले होते. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. अँटी-टीपीओ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह होती. तेव्हापासून रोज सकाळी थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकाची ७५ मायक्रोग्रॅमची एक गोळी सुरू होती. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉक्सिन कमी पडू लागले की ते रक्तात वाढते. गरोदर राहण्याच्या तीन महिने आधी टीएसएच १.८ होता, म्हणजे आजार नीट आटोक्यात होता. गर्भधारणेपूर्वी तो २.५ च्या खाली असावा असे सांगितले जाते, ती अटही पूर्ण झाली होती.

सहावा आठवडा: नॉर्मल दिसणारा रिपोर्ट

पाळी चुकली, घरी केलेली लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि सहाव्या आठवड्यात ती दवाखान्यात आली. त्याच दिवशी टीएसएच तपासला, तो ३.९ आला. लॅबच्या कागदावर नॉर्मल मर्यादा ०.४ ते ४.२ छापलेली होती. त्यामुळे आकडा ठळक केलेला नव्हता, पुढे बाणही नव्हता. घरच्यांनी "रिपोर्ट नॉर्मल आहे" असेच वाचले.

इथे दोन गोष्टी पाहायच्या असतात. पहिली म्हणजे ती छापील मर्यादा गरोदर नसलेल्या प्रौढांची असते. आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या गर्भवतीसाठी लक्ष्य टीएसएच २.५ च्या खाली ठेवण्याचे असते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची म्हणजे बदलाची दिशा. साधारण चार महिन्यांत १.८ वरून ३.९ झाला, म्हणजे दुपटीहून जास्त. गोळी तीच, घेण्याची पद्धत तीच. बदलले होते ते एकच, ती गरोदर होती.

या आठवड्यांत शरीरात काय होते ते समजले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढते, त्यामुळे यकृत टीबीजी नावाचे प्रथिन जास्त बनवते. हे प्रथिन रक्तातले थायरॉक्सिन स्वतःला बांधून ठेवते, आणि पेशींना लागते ते तर मोकळे थायरॉक्सिन. मोकळ्याची पातळी टिकवायची तर एकूण साठा वाढवावा लागतो. शिवाय वार, म्हणजे प्लॅसेंटा, काही थायरॉक्सिन निष्क्रिय करते आणि काही बाळाकडे जाते. निरोगी स्त्रीची ग्रंथी या वाढीव मागणीला सहज पुरी पडते, कारण तिला एक मदतनीसही असतो. गरोदरपणाचे एचसीजी हे संप्रेरक टीएसएचशी मिळतेजुळते असते आणि ग्रंथीला तेही चेतवते. म्हणून निरोगी गर्भवतीचा टीएसएच पहिल्या तीन महिन्यांत उलट खाली जातो, कधी कधी ०.१ च्याही आसपास, आणि तो बहुधा आजार नसतो.

हाशिमोटोच्या स्त्रीत नेमके उलट घडते. एचसीजी कितीही चेतवो, निकामी झालेली ग्रंथी जास्त संप्रेरक देऊ शकत नाही. गोळीचे प्रमाण तर ठरलेले आहे, ते आपोआप वाढत नाही. म्हणून ज्या आठवड्यांत इतर गर्भवतींचा टीएसएच उतरतो, त्याच आठवड्यांत हिचा चढतो. तपासणी करायची ती याच कारणाने. या काळात लक्षणांवर विसंबून चालत नाही. थकवा, झोप येणे, बद्धकोष्ठता, वजन वाढणे ही हायपोथायरॉइडची लक्षणे आणि गरोदरपणाची लक्षणे एकच असतात.

घाई का करायची, तर बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात आयोडीन घेऊ लागते आणि पुरेसे काम करायला सोळा ते वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन मुख्यतः आईकडूनच येते. उपचार न झालेल्या हायपोथायरॉइडमध्ये गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती आणि गरोदरपणातला उच्च रक्तदाब यांचा धोकाही वाढतो.

बोस्टनमधील डॉक्टरांनी थायरॉक्सिन घेणाऱ्या १९ स्त्रियांच्या २० गरोदरपणांचा बारकाईने पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात डोसची गरज अगदी पाचव्या आठवड्यापासून वाढायला लागलेली दिसली. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ती सरासरी ४७ टक्क्यांनी वाढली आणि सोळाव्या आठवड्याच्या सुमारास स्थिरावली. आपल्याकडे बऱ्याच जणींची पहिली भेट आठव्या ते दहाव्या आठवड्यात होते. म्हणजे गरज वाढू लागून तीन ते पाच आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणूनच थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीला गरोदर राहण्याआधीच डॉक्टरांनी सांगून ठेवावे लागते की तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी फोन करायचा.

डोस कसा वाढवला

रिपोर्ट येण्याची वाट न पाहता, पहिल्याच भेटीत डोस वाढवला. पद्धत सोपी आहे. आठवड्याला सात गोळ्यांऐवजी नऊ. सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन, बाकी दिवशी एक. ७५ च्या सात गोळ्या म्हणजे आठवड्याला ५२५ मायक्रोग्रॅम, नऊ म्हणजे ६७५. ही सुमारे २९ टक्के वाढ झाली. नवी बाटली विकत घ्यायची गरज नाही, गोळी तोडायची गरज नाही.

एका दिवशी दोन गोळ्या घेतल्याने बिघडणार नाही का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. थायरॉक्सिनचा अर्धा भाग शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे रोजच्या गोळीपेक्षा आठवड्याची बेरीज महत्त्वाची ठरते. याच गुणामुळे एखाद्या दिवशीची गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतलेल्या चालतात. मात्र दोन जादा गोळ्यांचा हा नियम आधीपासून औषध घेणाऱ्या आणि तसे सांगितलेल्या स्त्रीसाठी आहे. मैत्रिणीला सांगितले म्हणून आपणही वाढवावे, असा तो नाही.

सातव्या आठवड्यात सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यायला सांगितले. उलट्या रोजच्याच झाल्या असत्या तर गोळी रात्री हलवली असती, जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना. तशी वेळ आली नाही.

दहावा आणि चौदावा आठवडा

डोस बदलल्यावर लगेच आठवड्याभरात टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. रक्तातले थायरॉक्सिन नव्या पातळीवर पोहोचायला चार ते सहा आठवडे लागतात आणि टीएसएच त्याच्या मागून बदलतो. गरोदर नसताना आपण सहा ते आठ आठवडे थांबतो. गरोदरपणात तेवढे थांबणे परवडत नाही, म्हणून गरोदरपण निम्मे होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी करतात.

दहाव्या आठवड्यात टीएसएच २.९ आला. वाढीची दिशा उलटली होती, पण लक्ष्य अजून गाठले नव्हते, आणि गरज आणखी काही आठवडे वाढणारच होती. म्हणून रोज ११२ मायक्रोग्रॅमची एक गोळी सुरू केली. आठवड्याची बेरीज ७८४ झाली, म्हणजे गरोदरपणापूर्वीच्या दीडपटीच्या जवळ. नऊ गोळ्यांचा हिशेब संपला आणि रोज एकच गोळी आली, हाही फायदा.

या टप्प्यावर घरात दोन बाटल्या होतात, ७५ ची आणि ११२ ची, आणि चूक इथेच होते. कोणी जुनी बाटली संपवायची म्हणून तीच घेत राहते, तर कोणी दोन्हींतली एक-एक. जुनी बाटली त्याच दिवशी कपाटातून काढून टाकायला सांगितले. ती बाळंतपणानंतरसाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. उघडलेल्या बाटलीतल्या गोळ्या दमट हवेत आणि उष्णतेत ताकद गमावतात. स्वयंपाकघरातली फळी, फ्रिजच्या वरची जागा आणि न्हाणीघर या तिन्ही जागा औषधासाठी वाईट.

चौदाव्या आठवड्यात टीएसएच १.७ होता. डोस तसाच ठेवला.

अठराव्या आठवड्यातला धक्का

पुढची तपासणी अठराव्या आठवड्यात झाली आणि टीएसएच ६.८ आला. फ्री टी-४, म्हणजे रक्तातले मोकळे थायरॉक्सिन, नॉर्मलच्या खालच्या टोकाला होता. चार आठवड्यांपूर्वी याच डोसवर १.७ होता. लगेच हात डोस वाढवण्याकडे जातो, आणि बऱ्याचदा तेच केले जाते. पण शरीराची गरज चार आठवड्यांत अशी उसळी घेत नाही. आकडा एवढा उडाला की आधी विचारायचे असते की गोळी पोटात जाते का, आणि गेली तर रक्तात उतरते का.

पहिला प्रश्न बाटलीने सोडवला. शंभर गोळ्यांची नवी बाटली अठ्ठावीस दिवसांपूर्वी उघडली होती, आत बहात्तर गोळ्या होत्या. म्हणजे एकही गोळी चुकली नव्हती. फ्री टी-४ चा आकडाही तेच सांगत होता. गोळ्या चुकवून तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस नेमाने घेतल्या तर फ्री टी-४ बरा किंवा वरच्या टोकालाही दिसतो, पण टीएसएच मात्र चढलेलाच राहतो, कारण त्याला खाली यायला आठवडे लागतात. इथे दोन्ही आकडे एकाच दिशेने बोलत होते. औषध खरोखरच कमी पडत होते.

मग विचारले, "इतर गोळ्या कोणत्या सुरू आहेत, आणि कधी घेता?"

"आशाताईंनी चौथ्या महिन्यापासून लाल गोळी आणि कॅल्शियम दिलंय. सकाळी थायरॉइडची गोळी घेते, मग अर्ध्या तासाने नाश्त्याबरोबर त्या दोन्ही घेते. म्हणजे विसरायला होत नाही."

कारण सापडले होते. शासकीय कार्यक्रमानुसार गर्भवतीला पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड मिळते, आणि त्याने थायरॉक्सिनला अडथळा होत नाही. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह असलेली रोजची लाल गोळी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या सुरू होतात. लोह आणि कॅल्शियम दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला चिकटतात आणि त्याचा न विरघळणारा गोळा बनतो. तो शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. रुग्णाने गोळी नेमाने घेतलेली असते, डॉक्टरांनी डोस बरोबर लिहिलेला असतो, आणि तरी रक्तात औषध कमी पोहोचते. दोन्ही औषधांमध्ये चार तासांचे अंतर लागते. अर्धा तास पुरत नाही.

यात तिची चूक म्हणता येणार नाही. थायरॉइडची गोळी लिहिणारे एक, लोहाची गोळी देणारे दुसरे, आणि चार तासांचा नियम कोणत्याच पाकिटावर मोठ्या अक्षरात नाही. "थायरॉइडच्या गोळीनंतर अर्धा तास काही खाऊ नका" हे वाक्य मात्र सगळ्यांनी सांगितलेले असते. तो नियम अन्नासाठी आहे. तो लोह-कॅल्शियमलाही लागू पडतो असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोलसारखी गोळी घेते का? त्यानेही शोषण कमी होते. उत्तर नाही होते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते का? बायोटिन औषधाला अडवत नाही, पण जास्त मात्रेत काही यंत्रांवरची तपासणीच बिघडवते. बहुतेक वेळा टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त दाखवते. इथे आकडे उलट दिशेने होते, त्यामुळे तो संशय तसाही बसत नव्हता. अशा गोळ्या चालू असतील तर रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस थांबवायच्या असतात.

डोस न वाढवता वेळापत्रक बदलले

११२ चा डोस तसाच ठेवला आणि दिवस नव्याने मांडला. सकाळी सहाला उठल्या उठल्या थायरॉक्सिन, साध्या पाण्याबरोबर. चहा सातला, नाश्ता त्यानंतर. थायरॉइडच्या गोळीमागोमाग लगेच चहा पिण्याची सवय सोडवायला सर्वांत कठीण जाते, म्हणून उठण्याची वेळ नव्हे तर गोळीची वेळ अलीकडे आणली. गोळी आणि पाणी उशाशी ठेवायचे, पहाटे जाग आली की घ्यायची. लाल गोळी सकाळी अकराला, जमल्यास लिंबूपाण्याबरोबर, चहाबरोबर नाही. कॅल्शियमची एक गोळी दुपारी दीडच्या जेवणासोबत, दुसरी रात्री साडेआठला. लोह आणि कॅल्शियम एकमेकांचेही शोषण कमी करतात, म्हणून त्यांच्यातही किमान दोन तास सोडले. हे वेळापत्रक माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागे लिहून दिले, म्हणजे आशाताई आणि एएनएम यांनाही ते दिसेल.

लोह थांबवायचा विचार मनात येऊ द्यायचा नाही. काहीजणी "थायरॉइडला चालत नाही" म्हणून लाल गोळी बंदच करतात, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन आठवर येते. दोन्ही औषधे हवीतच, फक्त एकमेकांपासून दूर.

डोस न वाढवण्याचा निर्णय मुद्दाम घेतलेला होता. अडथळा काढायचा आणि डोसही वाढवायचा असे एकाच वेळी केले, तर महिन्याभराने औषध जास्त होते आणि कशाने काय झाले ते कळत नाही. पण हा निर्णय सर्वत्र लागू नाही. फ्री टी-४ नॉर्मलच्या खाली गेला असता किंवा टीएसएच दहाच्या वर असता, तर वेळापत्रकाबरोबर डोसही त्याच दिवशी वाढवला असता, कारण त्या स्थितीत आणखी चार आठवडे प्रयोगात घालवणे योग्य नाही.

बाविसाव्या आठवड्यात टीएसएच २.१ आला. तो २.५ च्या वर राहिला असता तर त्याचा अर्थ गरज खरोखर वाढली आहे असा घेतला असता आणि १२५ ची गोळी दिली असती. तिसाव्या आठवड्यात पुन्हा तपासला, १.९. या काळात चार आठवड्यांची घाई राहत नाही, पण तिसाव्या आठवड्याच्या आसपासची एक तपासणी चुकवू नये. या सर्व वेळी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी दिले. टीएसएचला तसा फरक पडत नाही, पण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ वर जातो आणि उगाच दिशाभूल होते. फ्री टी-४ च्या तपासण्या गरोदरपणात तशाही थोड्या डळमळीत असतात, म्हणून डोसचा निर्णय मुख्यतः टीएसएचवरच घेतला.

प्रसूतीनंतर

एकोणचाळिसाव्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती झाली. वार बाहेर पडली की वाढीव मागणी संपते, त्यामुळे ११२ चालू ठेवण्याचे कारणही संपते. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ७५, नव्या बाटलीतून. हे डिस्चार्ज कार्डवर स्वतंत्र ओळीत लिहिले. लिहिले नाही तर काय होते ते वारंवार दिसते. गरोदरपणाचा डोस चार-सहा महिने तसाच चालू राहतो, आईला छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे सुरू होते, वजन झपाट्याने उतरते, आणि घरचे म्हणतात, बाळ रात्री जागवतं म्हणून होतंय.

स्तनपान सुरू असताना थायरॉक्सिन घेता येते, दुधातून ते अगदी अल्प जाते. लोह आणि कॅल्शियम प्रसूतीनंतरही सहा महिने चालतात, म्हणून चार तासांचे अंतर तेव्हाही पाळायचे. डिंकाचे लाडू, खारीक-बदाम, दूध हे सगळे चालेल, पण पहाटेच्या गोळीनंतर तासाभराने.

सहा आठवड्यांनी टीएसएच २.३ आला. ७५ चा डोस कायम राहिला. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या स्त्रियांत बाळंतपणानंतरच्या वर्षभरात ग्रंथीला पुन्हा दाह होऊ शकतो, आधी थायरॉक्सिनची पातळी वर आणि मग खाली असा तो जातो. म्हणून तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा टीएसएच पाहायचे ठरवले, आणि मधे धडधड किंवा विलक्षण थकवा जाणवला तर तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात.